ओल्या पुण्यातून कोरड्या माळशिरसकडे: वारीत कोणते मोजे घालावेत?

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. माउलींच्या पालखीबरोबर चालणारा माणूस हे अंतर तीन आठवड्यांच्या आत कापतो, आणि त्या वाटेवर पावसाचे दोन वेगवेगळे मुलूख लागतात. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी इथवर आषाढाच्या तोंडावरचा पाऊस असतो, हवा दमट असते आणि रात्री तंबूच्या कनातीलाही ओल धरते. नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे गेलं की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या पट्ट्यात बऱ्याच वर्षी ऊन असतं, कोरडा वारा असतो आणि पायाखालचा डांबरी रस्ता तापलेला असतो.

वारीला निघायच्या आधी दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, "मोजे कुठले घेऊ? मेरिनोचे चांगले म्हणतात, पण महाग आहेत. की साधे स्पोर्ट्सचे चालतील?" माझं उत्तर या दोन मुलुखांवरून ठरलेलं आहे. नीरेच्या अलीकडे नायलॉन-पॉलिएस्टरचे पातळ सिंथेटिक मोजे आणि पलीकडे मेरिनो लोकरीचे. असं का, ते नीट सांगायचं तर आधी फोड कसा येतो इथून सुरुवात करावी लागेल.

(हजारो वारकरी अनवाणी किंवा साध्या चपलेत चालतात आणि मोज्याला हातही लावत नाहीत. त्यांचे तळवे वर्षभर शेतात, मातीत घडलेले असतात. हे लिहिणं आहे ते वर्षभर बंद बुटात पाय घालून ऑफिसला जाणाऱ्या आणि जूनमध्ये एकदम तीसेक किलोमीटरच्या दिवसाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसासाठी.)

फोड म्हणजे कातडी घासून निघणं, असं बहुतेकांना वाटतं. घासून निघतं ते खरचटणं. फोडाची गोष्ट निराळी आहे. तळहाताच्या मागच्या बाजूला बोट घट्ट टेकवा आणि बोट न घसरू देता ते पुढेमागे हलवा. वरची कातडी बोटाला चिकटून राहते आणि आतलं हाड मात्र सरकतं. मधल्या थरांना ताण बसतो. चालताना टाचेत आणि चवड्याखाली दर पावलाला हेच होतं. मोजा कातडीला धरून ठेवतो, बूट मोज्याला धरून ठेवतो आणि हाड आत पुढेमागे जातं. हजारो पावलांनंतर कातडीच्या आतले थर एकमेकांपासून फाटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. तो फोड.

म्हणजे प्रश्न पकडीचा आहे. कातडी आणि मोजा यांच्यातली पकड जितकी घट्ट, तितका आतल्या थरांना ताण जास्त. ही पकड सगळ्यात घट्ट असते ती कातडी ओलसर असताना. अगदी कोरडी कातडी थोडी घसरते आणि पाण्यात बुचकळलेली कातडीही काही काळ घसरते. त्यांच्या मधली, घामाने चिकट झालेली अवस्था सगळ्यात वाईट. शिवाय कातडी तासन् तास ओली राहिली की पांढरी पडते, सुरकुतते आणि तिची ताकद जाते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या याच ओलीतून. म्हणून मोज्याने दोन कामं करायची असतात. कातडीवरची ओल उचलायची आणि उचललेली ओल स्वतःपाशी फार वेळ न ठेवता बाहेर सोडायची. पहिलं काम मेरिनो फार छान करतो. दुसऱ्यात सिंथेटिक पुढे आहे.

सुती मोजा या दोन्हींत कुठेच बसत नाही. तो पाणी पितो, जड होतो, लोळागोळा होऊन टाचेखाली सुरकुत्या धरतो. लांबच्या चालीत सुती मोजे नकोतच.

मेरिनो म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर, प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून येणारी. आपल्या घोंगडीची लोकर जाड आणि टोचरी असते. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून बारीक. टोचत नाही ते त्यामुळे. पण चालणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे हा तंतू पाण्याची वाफ स्वतःच्या पोटात घेतो. पूर्ण दमट हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी आत मुरवू शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही घेत नाही. नायलॉन त्याहून थोडं जास्त घेतो, पण लोकरीच्या पासंगाला पुरत नाही. माठ आणि प्लास्टिकची बाटली यांत जो फरक, तोच इथे आहे. एकाच्या भिंतीतच पाणी मुरतं, दुसऱ्याच्या फक्त पृष्ठभागावर राहतं.

हा गुण खरा आहे, पण त्याला मर्यादा आहे आणि मोज्यांच्या जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. पातळ मोज्यांच्या जोडीत लोकर असते पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तिच्या एक तृतीयांश म्हणजे आठ ग्रॅम पाणी, दोन चमचेही भरत नाहीत. बंद बुटात चढाला लागलेला पाय एवढा घाम तासाभरात सहज सोडतो. बाहेरची हवा कोरडी असेल तर लोकर एकीकडे पाणी घेते, दुसरीकडे सोडते आणि चक्र चालू राहतं. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असेल, वरून सर आली असेल, बुटाच्या जाळीतून पाणी आत गेलं असेल, तर लोकरीच्या पोटातली जागा भरते आणि त्यापुढे ती फक्त एक ओली, जड गोष्ट उरते. सिंथेटिक तंतू पाणी पोटात घेत नसल्याने मोजा भिजला तरी पाणी तंतूंच्या मधल्या फटींतच असतं. पायाच्या दाबाने ते पिळून निघतं आणि तंतूंच्या बाजूबाजूने पसरून बाहेरच्या जाळीकडे जातं.

दिवेघाटाचा दिवस घ्या. पुण्याहून सासवड, एकादशीचा दिवस, वारीतला सगळ्यात लांब टप्पा, तीसेक किलोमीटर. पहाटे निघायचं, हडपसरपर्यंत सपाट रस्ता, दुपारनंतर घाट. पाय पहाटेपासून बुटात, सकाळी एक सर, घाटाच्या पायथ्याशी दुसरी. चढताना टाच बुटात वर उचलली जाते आणि टाचेच्या मागच्या बाजूला ताण बसतो. वर पोचून सासवडकडे उतरायला लागलं की पाय पुढे सरकतो आणि बोटांची टोकं बुटाच्या नाकाला लागतात. एकाच दिवसात फोडाच्या दोन्ही जागा तयार होतात. या दिवशी पायात जाड टेरीच्या विणीचे मेरिनो मोजे असले तर दुसरी सर गेल्यावर ते कोरडे व्हायचं नावच घेत नाहीत. गादीसारखी मऊ वीण कोरडी असताना फार सुखाची वाटते, पण ओली झाली की ती दबते आणि पायाला सगळीकडून चिकटून बसते. पातळ नायलॉन-पॉलिएस्टरचा मोजा तेवढाच भिजतो, पण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात बूट सैल करून अर्धा तास बसलं की फरक जाणवतो.

आता रात्रीचा हिशेब. खरी निवड इथेच होते.

सासवडला दोन मुक्काम असतात, पण बाकीच्या बहुतेक गावांत एकच. संध्याकाळी पोचायचं, टँकरच्या पाण्यावर हातपाय आणि मोजे धुवायचे, आणि पहाटे तीनला उठून परत तेच मोजे घालायचे. मधे सहा-सात तास. तेवढ्या वेळात तंबूतल्या दोरीवर, दमट हवेत, पंख्याशिवाय काय वाळतं?

हे घरी बघून घेता येतं आणि प्रत्येकाने आपल्या मोज्यांचं बघावं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्यायचा. मोज्यांची कोरडी जोडी तोलायची. मग पाण्यात भिजवून, हाताने जमेल तेवढं पिळून परत तोलायची. पातळ सिंथेटिक जोडी चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर भरते आणि पिळल्यावर तिच्यात तीसेक ग्रॅम पाणी उरतं. जाड मेरिनोची जोडी ऐंशी-नव्वद ग्रॅमची आणि पिळल्यावरही तिच्यात जवळजवळ तिच्याच वजनाएवढं पाणी. म्हणजे रात्रभरात वाळवायचं पाणी एका जोडीत दुसरीच्या अडीच-तीन पट. पुण्यात पावसाळ्यात बंद खोलीतल्या दोरीवर टाकलं तर माझी पातळ सिंथेटिक जोडी निजायच्या वेळेपर्यंत बरीचशी वाळलेली असते, पातळ मेरिनोची सकाळी हलकी गार लागते, आणि जाड मेरिनोचं टाच-चवड्याचं सूत सकाळी दाबलं तर बोटाला पाणी लागतं.

या आकड्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. वाळायला लागणाऱ्या वेळेचा मोठा भाग मोज्याच्या जाडीचा आहे, धाग्याचा नंतर. जाड सिंथेटिक मोजाही पातळ मेरिनोच्या मागून वाळतो. पण सारख्या जाडीचे दोन घेतले तर लोकर मागे राहते, कारण पोटात मुरलेलं शेवटचं पाणी ती सावकाश सोडते. म्हणून ओल्या टप्प्यात आधी बघायची ती जाडी, मग धागा.

वाळवण्याची एक युक्ती मात्र दोन्हींना सारखीच लागू पडते, आणि तिच्याशिवाय मी वारीत एकही रात्र काढलेली नाही. मोजा हाताने पिळून झाला की कोरडा पंचा जमिनीवर पसरायचा, त्यावर मोजे सपाट ठेवायचे, पंच्याची घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर टाचेने उभं राहायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, टाच बदलत. पंचा उघडला की त्यावर मोज्याच्या आकाराचे ओले ठसे उमटलेले दिसतात. हाताने कितीही पिळलं तरी न निघणारं पाणी असं निघतं, आणि मोज्यात उरतं त्यातलं निम्मंच. लोकरीचा मोजा पिरगाळून पिळला की त्याची वीण ओढली जाते आणि आकार बिघडतो, म्हणून त्याला तर हीच पद्धत योग्य. पंचा मग दोरीवर. सुती असला तरी पातळ असतो, तोही सकाळपर्यंत बरा होतो.

सकाळी मोजा वाळला का, हे हाताच्या बोटांनी बघू नये. पहाटेच्या गारव्यात बोटं फसवतात आणि लोकर तर ओलसर असूनही कोरडी भासते. टाचेचा भाग उलटा करून गालाला किंवा वरच्या ओठाला लावायचा. गार लागला तर आत पाणी आहे. थोडंच असेल तर तो मोजा घालून चालायला हरकत नाही. पातळ सिंथेटिक पायाच्या उबेने अर्ध्या-पाऊण तासात कोरडा होतो. जाड लोकरी मोजा ओला घातला तर तो दुपारच्या विसाव्यापर्यंत ओलाच राहतो.

वासाचं गणित बरोबर उलटं आहे.

पायाच्या घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातले आणि मेलेल्या कातडीतले घटक तोडतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात. पायाला येणारा तो आंबूस, चीजसारखा वास त्यांचा. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली अंगाच्या घामाने माखलेल्या कापडांचा वास लोकांकडून हुंगून तपासला होता. पॉलिएस्टरला सगळ्यात उग्र, लोकरीला सगळ्यात कमी, आणि सूत मधे. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. लोकरीवर जिवाणू कमी नव्हते. कापड ठेवून दिल्यावर ते लोकरीवर टिकून राहिले आणि पॉलिएस्टरवर घटले, तरी वास पॉलिएस्टरलाच जास्त. तेव्हा "मेरिनो जिवाणू मारतं" असं दुकानात सांगतात ते चूक आहे. वासाची द्रव्यं लोकर आपल्या तंतूत धरून ठेवते आणि हवेत सोडत नाही, आणि धुतलं की ती निघून जातात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाने २०१४ साली व्यायाम केलेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले, तेव्हाही सुतीपेक्षा पॉलिएस्टरचा वास उग्र निघाला. मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर खास वाढलेले आढळले.

पॉलिएस्टरची अडचण तेलाशी आहे. ते पाणी झटकतं, पण तेल पकडतं. पायाच्या कातडीचं तेल धाग्यावर बसतं, ते साध्या पाण्याने निघत नाही आणि त्यातच वास मुरतो. वारीत याला आणखी एक कारण असतं. संध्याकाळी पाय चोळायला तेल लागतं. दिंडीत कुणी ना कुणी खोबरेलाची किंवा तिळाची बाटली घेऊन बसलेलं असतं, आणि वाटेवरच्या सेवेकऱ्यांच्या राहुट्यांत तर माणसं रांगेत बसवून पाय चोळून देतात. "माउली, पाय पुढं करा" म्हटल्यावर नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये, कारण त्या चोळण्याने पोटऱ्या दुसऱ्या दिवशी चालायला तयार होतात. पण तेच तेल पहाटे सिंथेटिक मोज्यात जातं. तीन-चार दिवसांनी धुतलेला, वाळलेला मोजा नाकाला स्वच्छ वाटतो, आणि पायात घालून अर्धा तास झाला की ऊब लागताच जुना वास परत उठतो. यावर उपाय साधा आहे. पहाटे बूट घालण्याआधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या ओल्या फडक्याने पुसून, मग कोरड्या फडक्याने टिपून घ्यायच्या. तेलाने मऊ झालेली कातडी फोडालाही लवकर बळी पडते, त्यामुळे हे पुसणं दुहेरी कामाचं आहे.

तरीही वारीतल्या ओल्या टप्प्यात मी वासाला दुय्यम मानते. टँकर असतो, साबण असतो, रोज धुता येतं. वासाने कुणाचं चालणं थांबत नाही. टाचेवरच्या फोडाने थांबतं. शेकडो मैल निर्जन रानातून चालणाऱ्या, आठवडाभर धुणं न मिळणाऱ्या परदेशातल्या पदयात्रींना मेरिनोचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. वारीत माणसाला पाणी मिळतं, ऊन मिळत नाही.

नीरेच्या पलीकडे ऊन मिळायला लागतं, आणि तिथे सगळं बदलतं. धुतलेले मोजे संध्याकाळच्या वाऱ्यावर दोन-तीन तासांत वाळतात, मग ते लोकरीचे असोत की नायलॉनचे. वाळण्याचा प्रश्नच उरला नाही की मेरिनोच्या बाकीच्या गुणांना वाव मिळतो. रस्ता तापलेला असतो, पाऊस नसतो, ओल फक्त घामाची असते आणि ती टप्प्याटप्प्याने येते. पायाजवळची वाफ लोकर पोटात घेते, बाहेरच्या कोरड्या हवेत सोडते, आणि कातडी त्या चिकट अवस्थेला उशिरा पोचते. लोकर थंडीतच घालायची हा समज इथे बाजूला ठेवावा लागतो. पातळ विणीचा मेरिनो मोजा माळशिरसच्या दुपारी पॉलिएस्टरपेक्षा कमी चिकट लागतो. शिवाय या टप्प्यात काही गावांना टँकरवर गर्दी असते, पाणी पिण्यासाठी राखायचं असतं आणि धुणं एखाद दिवस चुकतं. मेरिनो ते खपवून घेतो. न धुता फक्त उन्हात उलटा टाकला तरी दुसऱ्या दिवशी घालता येतो.

फोडाच्या बाबतीत नुसता धागा बघून चालत नाही, याचा एक चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या हेरिंग आणि रिची या पादतज्ज्ञांनी १९९० साली लांब पळणाऱ्यांना सुती आणि अ‍ॅक्रिलिकचे मोजे घालून बघितले. सुतीत फोड जास्त आले आणि मोठे आले. तीन वर्षांनी त्यांनीच तो प्रयोग साध्या, कमी दाट विणीच्या मोज्यांवर परत केला, तर फरक दिसला नाही. म्हणजे धाग्याचा फायदा वीण आणि ठेवण चांगली असेल तरच पायापर्यंत पोचतो.

म्हणून दुकानात आधी मोजा पायात चढवून बघावा. 'फ्री साइज' लिहिलेले मोजे घेऊ नयेत. मोज्याच्या टाचेची खोळ पायाच्या टाचेवर नेमकी बसली पाहिजे. ती घोट्याकडे सरकत असेल तर मोजा मोठा आहे आणि चालताना कापड गोळा होणार. बोटांवरची शिवण आतून बोट फिरवून बघावी. दोरीसारखी उभी लागली तर ती करंगळीला त्रास देणार. मग लेबल. 'मेरिनो' एवढं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत लोकर पंधरा-वीस टक्के, असं असतं. त्या मोज्यात मेरिनोचे गुण शोधू नयेत. उलट शंभर टक्के लोकरीचा मोजाही चालीच्या कामाचा नाही, कारण लोकरीचा धागा घासणीला नाजूक. टाचेला आणि अंगठ्याला लवकर भोक पडतं. निम्मी किंवा त्याहून अधिक लोकर, ताकदीसाठी नायलॉन आणि घट्ट बसण्यासाठी थोडा स्पँडेक्स किंवा इलास्टेन, हे मिश्रण मला पटतं. सिंथेटिकमध्ये नायलॉनचं प्रमाण जास्त असलेला घ्यावा. तो पॉलिएस्टरपेक्षा तेल आणि वास कमी धरतो आणि झिजतही कमी.

घ्यायचे किती? मी पातळ सिंथेटिकच्या दोन जोड्या आणि पातळ मेरिनोच्या दोन जोड्या नेते. नीरेच्या अलीकडे सिंथेटिकची अदलाबदल चालते. एक पायात, दुसरी पाठपिशवीत. पाठपिशवीत हे महत्त्वाचं, कारण दिंडीतलं बाकी सामान ट्रकमध्ये असतं आणि ट्रक थेट मुक्कामाला भेटतो. घाटाच्या पायथ्याशी मोजे ओले झाले तर ट्रकमधल्या कोरड्या जोडीचा काही उपयोग नाही. दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे दोन्ही काढायचे, पाय पंधरा-वीस मिनिटं उघडे ठेवायचे, बेचक्या पुसायच्या आणि दुसरी जोडी चढवायची. काढलेली जोडी पिशवीच्या पट्ट्याला सेफ्टी पिनांनी लावून चालायचं. पाऊस नसेल तर ती मुक्कामापर्यंत अर्धी वाळते. मेरिनोची एक जोडी या टप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद असते आणि फक्त रात्री निजताना बाहेर येते. दिवसभर भिजून पांढरे पडलेले पाय रात्री कोरड्या लोकरीत ठेवले की सकाळी कातडी पुन्हा घट्ट झालेली असते. ती जोडी कितीही मोह झाला तरी दिवसा घालायची नाही, कारण ती भिजली की रात्रीला काही उरत नाही.

चालताना एखाद्या जागी ऊन-ऊन, चुरचुर जाणवायला लागली की तिथल्या तिथे थांबावं. ती फोडाच्या आधीची पायरी असते आणि तेव्हा पाच मिनिटांत काम होतं. मोजा काढून जागा कोरडी करायची आणि मेडिकलमध्ये मिळते ती कागदी मायक्रोपोर पट्टी सुरकुती न पडू देता लावायची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळणाऱ्यांवर अमेरिकी संशोधकांनी हीच पट्टी तपासली आहे आणि पट्टी लावलेल्या जागी फोड बरेच कमी आले. पट्टी कोरड्या कातडीलाच चिकटते, तेल लागलेल्या नाही. फोड आलाच तर त्यात सुईने दोरा ओवून ठेवण्याची पद्धत वारीत जुनी आहे. पाणी निघतं हे खरं, पण चिखलाच्या वाटेवर तोच दोरा बाहेरची घाण आत नेतो. लहान फोड असेल तर न फोडता झाकावा. मोठा आणि दुखरा असेल तर वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडून निर्जंतुक सुईने कडेला टोचून घ्यावा, वरची कातडी तशीच ठेवावी. मधुमेह असलेल्यांनी स्वतः काहीच करू नये, थेट पथक गाठावं.

धुण्याचं एक सांगायचं राहिलं. वडीच्या साबणाने लोकर घासू नये. कपड्यांचा साबण आणि पावडर यांतला क्षार लोकरीला मानवत नाही, आणि काही पावडरींत डाग काढायला घातलेली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. लोकर प्रथिनाचीच बनलेली आहे. शांपूचं एक-दोन रुपयांचं पाकीट दोन जोड्यांना पुरतं. गार पाणी, न चोळता दाबून धुणं, मग पंच्याची वळकटी. गरम पाणी आणि रगडणं एकत्र आलं की लोकर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. सिंथेटिकला मात्र पावडर हवी. तेल काढायला तीच लागते. घरी परत आल्यावर ते मोजे कोमट पाण्यात पावडर घालून रात्रभर भिजवले की मुरलेला वास बराचसा जातो.

मेरिनोचे मोजे पुढच्या आषाढापर्यंत कपाटात ठेवायचे तर आधी धुवून पूर्ण वाळवून ठेवावेत. कसर लागते ती घाम आणि कातडीचे कण राहिलेल्या लोकरीला आधी, आणि लागली तर भोकं नेमकी टाच-चवड्याला पडतात. शालींत ठेवतात तशी वेखंडाची कांडी बरोबर ठेवावी आणि मोजे झिपच्या पिशवीत बंद करावेत. मे महिन्यात एकदा काढून उजेडात धरून बघावेत, म्हणजे नवीन घ्यायचे असतील तर ते घालून चालायचा सराव करायला वेळ राहतो.